लॅमार्क, डार्विन आणि रिकामा राहिलेला रकाना

*बाई, मी दहावीला आहे. विज्ञान भाग 2 च्या ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या पहिल्या धड्यासाठी जुन्या प्रश्नपत्रिकांमधले पुन्हा पुन्हा आलेले मोठे प्रश्न काढले आणि ताईने सांगितलं तसे त्यांचे तुलनेचे तक्ते केले. तरी लिहायला बसले की लॅमार्क आणि डार्विन एकमेकांत मिसळतात. प्रतिलेखन, भाषांतरण आणि स्थानांतरणाचंही तेच. सराव परीक्षेत ‘लॅमार्कवाद उदाहरणांसह स्पष्ट करा’ याच्या उत्तरात मी अख्खा तक्ता उतरवला, तर 3 पैकी 1 गुण मिळाला. तक्ते सोडून देऊ का?*
*— एक विद्यार्थिनी, सातारा जिल्हा*

तक्ते सोडू नकोस. डाव्या बाजूचे मुद्दे मात्र बदल आणि तक्ता उत्तरपत्रिकेत कधी उतरवायचा हे आधी ठरवून घे.

तुझा तक्ता मी पाहिलेला नाही, पण या धड्याचे तक्ते बहुतेक वह्यांमध्ये एकाच पद्धतीने केलेले दिसतात. डावीकडे ‘शास्त्रज्ञाचं नाव, काळ, सिद्धांताचं नाव, उदाहरण, आक्षेप’ असे मुद्दे असतात आणि समोर दोन रकान्यांत पुस्तकातली वाक्यं. अशा तक्त्यात दोन गोष्टी शेजारी बसतात, पण त्यांची तुलना होत नाही. एका बाजूला जिराफ आणि दुसऱ्या बाजूला ‘सक्षम ते जगतील’ एवढं लिहून दोघांचं नेमकं कुठे बिनसलं ते कळत नाही. मग परीक्षेत जिराफ आठवतो आणि तो कोणाच्या बाजूचा होता ते आठवत नाही.

मुद्दे पुस्तकातल्या ठळक शब्दांवरून काढू नकोस, तू जमवलेल्या प्रश्नांमधूनच काढ. त्यासाठी या धड्यावरचे सगळे मोठे प्रश्न, उत्तरं न लिहिता, एका पानावर एकाखाली एक उतरव. ‘लॅमार्कवाद स्पष्ट करा’, ‘नैसर्गिक निवडीचा सिद्धांत आणि त्यावरचे आक्षेप लिहा’, ‘मिळवलेल्या गुणधर्मांचा अनुवंश म्हणजे काय’, जिराफाच्या मानेवरचा एखादा प्रश्न, असं जे जे सापडलं असेल ते. आता प्रत्येकासमोर एका ओळीत लिही की हा प्रश्न आतून काय विचारतोय. चार-पाच प्रश्न झाले की तुझ्या लक्षात येईल, शब्द वेगळे असले तरी विचारणा तीच आहे. सजीवात बदल येतो तो कधी? कोणात येतो? परिस्थिती त्यात काय करते? पुढच्या पिढीकडे काय जातं? आणि बदल मुळात तयार कसा होतो? हेच तुझे मुद्दे.

मुद्दा चांगला आहे की नाही हे ओळखायची एक खूण आहे. तो प्रश्नाच्या रूपात लिहिता आला पाहिजे आणि त्या प्रश्नाला दोघांनाही उत्तर द्यावं लागलं पाहिजे. ‘काळ’ हा मुद्दा या कसोटीला उतरत नाही. लॅमार्कने आपलं म्हणणं 1809 मध्ये मांडलं, डार्विनने 1859 मध्ये. हे माहीत असावं, पण त्यातून दोघांच्या विचारातला फरक कळत नाही.

तक्ता साधारण असा होईल:

| प्रश्न | लॅमार्क | डार्विन |
|---|---|---|
| आधी काय, गरज की बदल? | गरज आधी; तिच्यामुळे अवयव वापरला जातो आणि बदलतो | बदल आधी; एकाच जातीत जन्मतःच फरक असतात |
| बदल कोणात होतो? | एकेका जिवात, त्याच्या हयातीत | समूहात, अनेक पिढ्यांमध्ये |
| परिस्थितीचं काम काय? | अवयव वापरायला किंवा न वापरायला लावणं | असलेल्या फरकांमधून निवड करणं |
| पुढच्या पिढीकडे काय जातं? | हयातीत मिळवलेला बदल | जगून प्रजनन करणाऱ्यांचे जन्मजात गुण |
| बदल मुळात कसा तयार होतो? | वापर आणि न वापर यांतून | |

शेवटचा रकाना मी मुद्दाम मोकळा ठेवला आहे. त्याच्याकडे थोड्या वेळाने येऊ.

आता जिराफाला दोन्ही रकान्यांतून वरून खाली नेऊन बघ. लॅमार्कचा जिराफ आखूड मानेचा आहे. खालची पानं संपली, उंच फांद्यांपर्यंत पोचायला तो मान ताणतो, आयुष्यभर ताणतो, मान थोडी लांब होते आणि ही लांबलेली मान त्याच्या पिल्लांना मिळते. पिल्लं तिथून पुढे ताणतात. म्हणजे कळपातला प्रत्येक जिराफ बदलत गेला.

डार्विनच्या कळपात कोणीही मान ताणून लांब केली नाही. त्या कळपात काहींची मान जन्मतःच जराशी लांब, काहींची जराशी आखूड होती. जन्मलेल्या सगळ्यांना पुरेल एवढा पाला नसतो. दुष्काळात खालचा पाला संपला तेव्हा लांब मानेचे जास्त संख्येने तगले आणि त्यांना पिल्लंही जास्त झाली. पुढच्या पिढीत लांब मानेच्यांचं प्रमाण वाढलं. एकाही जिराफाची मान त्याच्या हयातीत वाढली नाही, तरी कळप बदलला. दुसऱ्या ओळीतला ‘कोणात’ हा प्रश्न म्हणूनच फार महत्त्वाचा आहे. मुलं पहिली ओळ पाठ करतात आणि दुसरी सोडतात. उत्तर तिथेच घसरतं.

मिसळ झाली आहे का हे तपासायला डार्विनवरचं उत्तर लिहून झालं की त्यात ‘म्हणून’, ‘साठी’, ‘यावं यासाठी’ हे शब्द शोध. ‘उंच पानं खाता यावीत म्हणून जिराफाची मान लांब झाली’ असं वाक्य सापडलं, तर ते लॅमार्कचं आहे, मग त्याच्यापुढे ‘नैसर्गिक निवड’ हे शब्द कितीही वेळा लिहिलेले असोत. ते वाक्य असं बदल: ‘ज्या जिराफांची मान जन्मतः लांब होती ते जास्त तगले.’

लॅमार्कच्या रकान्यात आणखी एक काळजी घे. त्याचं म्हणणं दोन भागांचं आहे आणि दोन्ही भाग सारखे चुकीचे नाहीत. वापराने अवयव मजबूत होतो आणि न वापरल्याने दुबळा होतो, हे एका जिवापुरतं खरंच आहे. लोहाराचे दंड भरतात, प्लॅस्टरमध्ये महिनाभर ठेवलेला पाय बारीक होतो. आक्षेप आहे तो दुसऱ्या भागावर, म्हणजे हा मिळवलेला बदल मुलांना वारशाने मिळतो यावर. लोहाराचं बाळ भरलेल्या दंडांनी जन्मत नाही. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या बाळांचे कान टोचतात, तरी प्रत्येक बाळाचे नव्याने टोचावे लागतात. वाइजमन या जर्मन शास्त्रज्ञाने उंदरांच्या लागोपाठच्या पिढ्यांच्या शेपट्या कापून पाहिल्या. पिल्लं पूर्ण शेपटीचीच जन्मली. हा फरक न करता ‘लॅमार्कचा सिद्धांत चुकीचा ठरला’ एवढंच लिहिलं तर आक्षेपाचा गुण अर्धवटच मिळतो.

आता तुझा 3 पैकी 1 गुण. ‘स्पष्ट करा’ असा प्रश्न असेल तेव्हा तक्ता उभा वाचायचा, म्हणजे फक्त एकाचा रकाना वरून खाली, आणि त्याची वाक्यं करायची. ‘फरक स्पष्ट करा’ असेल तेव्हा तक्ता आडवा वाचायचा आणि तसाच, दोन रकाने आखून लिहायचा. तू उभ्या प्रश्नाला आडवं उत्तर दिलंस. तपासणाऱ्याला लॅमार्क हवा होता, त्यांच्यासमोर अर्धा डार्विन आला आणि लॅमार्कची वाक्यं तुटक राहिली.

उभा वाचून लिहिलेलं उत्तर साधारण असं दिसेल:

‘लॅमार्कच्या मते परिस्थितीनुसार सजीव काही अवयव जास्त वापरतो व काही वापरत नाही. जास्त वापरलेले अवयव विकसित होतात आणि न वापरलेले अवयव दुबळे होतात. याला इंद्रियांच्या वापराचा व न वापराचा सिद्धांत म्हणतात. उदा., उंच झाडांची पाने खाण्यासाठी मान ताणून जिराफाची मान लांब झाली, तर न वापरल्यामुळे शहामृगाचे पंख कमकुवत झाले. असे हयातीत मिळवलेले बदल पुढील पिढीकडे संक्रमित होतात, याला मिळवलेल्या गुणधर्मांचा अनुवंश म्हणतात. वापरामुळे अवयवात बदल होतो हे मान्य झाले, परंतु असे बदल पुढील पिढीत जात नाहीत हे दिसून आल्याने सिद्धांताचा हा भाग नाकारला गेला.’

सहा-सात वाक्यांत सिद्धांत, वापराचं आणि न वापराचं एकेक उदाहरण, अनुवंश आणि आक्षेप, सगळं आलं. इथे ‘खाण्यासाठी’ हा शब्द चालतो, कारण हे लॅमार्कचंच म्हणणं आहे. हाच प्रश्न 5 गुणांना आला तर नवीन काही शोधत बसू नकोस. दोन्ही उदाहरणं दोन-दोन वाक्यांनी उलगड आणि आक्षेपाला लोहाराचं किंवा उंदरांचं उदाहरण जोड. ‘फरक’ विचारला तर जितके गुण तितके नेटके मुद्दे पुरे, आणि दोन्ही रकान्यांत समोरासमोर एकाच प्रश्नाचं उत्तर असलं पाहिजे.

आता तो मोकळा रकाना. जन्मतःच फरक असतात, हे डार्विनने पाहिलं आणि त्यावर सगळी इमारत उभी केली. ते फरक मुळात तयार कसे होतात, याचं पटेल असं उत्तर त्याला देता आलं नाही. अचानक होणारे बदल आणि हळूहळू होणारे बदल यांत त्याने फरक केला नाही आणि उपयोगी व निरुपयोगी बदलांचंही स्पष्टीकरण दिलं नाही. पुस्तकात ‘आक्षेप’ म्हणून जे दिलंय ते बरंचसं या एका रकान्यात बसतं. म्हणजे आक्षेप वेगळे पाठ करायची गरज नाही. ज्या प्रश्नाला उत्तर सापडत नाही तिथेच आक्षेप आहे. यासाठीच मुद्दे प्रश्नाच्या रूपात लिहायला सांगितले. ‘सिद्धांताचं नाव’ या मुद्द्यासमोर कधीच रिकामी जागा उरत नाही, आणि म्हणून तो मुद्दा काही शिकवतही नाही.

तो रकाना पुढे भरला गेला. मेंडेलने वाटाण्यावरचं काम 1866 मध्ये प्रसिद्ध केलं होतं, पण त्याच्याकडे लोकांचं लक्ष 1900 मध्ये गेलं. 1901 मध्ये ह्यूगो द व्हरीस यांनी उत्परिवर्तनाचा सिद्धांत मांडला आणि अचानक दिसणाऱ्या बदलांमागचं कारण हाती लागलं. म्हणजे या धड्याचा आनुवंशिकतेचा भाग हा उत्क्रांतीच्या भागातल्या रिकाम्या जागेचं उत्तर आहे. तुझा दुसरा तक्ता, प्रतिलेखन-भाषांतरणाचा, तिथूनच सुरू होतो.

त्या तक्त्यात बहुतेकांची गफलत एकाच ठिकाणी होते. प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण असे तीन रकाने करतात आणि या तीन पायऱ्या एकामागून एक येतात असं समजतात. पुन्हा प्रश्नांचेच मुद्दे घे. कुठे घडतं? काय वाचलं जातं? काय तयार होतं? प्रतिलेखन केंद्रकात घडतं, डीएनएचा एक धागा वाचला जातो, एम-आरएनए तयार होतो. भाषांतरण पेशीद्रव्यात रायबोझोमवर घडतं, एम-आरएनए तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो, टी-आरएनए अमिनो आम्लं आणून देतात आणि प्रथिनाची साखळी तयार होते. स्थानांतरणाच्या रकान्यात ‘काय तयार होतं?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. तिथे नवीन काहीच तयार होत नाही, कारण ती वेगळी पायरी नव्हेच. भाषांतरण चालू असताना रायबोझोम एम-आरएनएवर एकेका कोडॉनच्या अंतराने पुढे सरकतो, त्या सरकण्याला स्थानांतरण म्हणतात. रिकामा रकाना इथेही कामाला आला.

या तक्त्याला जिराफासारखं उदाहरण नसतं, म्हणून एक छोटा क्रम स्वतः करून ठेव:

```
DNA       TAC  GGA  AAA
mRNA      AUG  CCU  UUU
tRNA      UAC  GGA  AAA
```

एम-आरएनएवरच्या तीन कोडॉनपासून अनुक्रमे मेथिओनिन, प्रोलिन आणि फेनिलॲलनिन ही अमिनो आम्लं येतात. पहिली आणि तिसरी ओळ शेजारी धरून बघ. T च्या जागी U एवढाच फरक आहे. तो तसाच यायला हवा, कारण दोघीही मधल्या ओळीला पूरक आहेत. म्हणजे तिसरी ओळ लिहून झाली की पहिलीशी ताडून तुझं उत्तर बरोबर आहे का हे तुला स्वतःच तपासता येतं. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे एम-आरएनएमध्ये थायमिनचा T तसाच राहणं. आरएनएच्या कुठल्याही ओळीत T दिसला की थांब.

आता मधल्या GGA मधलं एकच अक्षर बदल. GAA केलंस तर कोडॉन CUU होतो आणि प्रोलिनच्या जागी ल्युसिन येतं. पण GGG केलंस तर कोडॉन CCC होतो, आणि त्याचाही अर्थ प्रोलिनच. एका अक्षराचा बदल कधी प्रथिन बदलतो, कधी काहीच बदलत नाही. उत्परिवर्तनाचे काही परिणाम किरकोळ आणि काही लक्षणीय का असतात, या प्रश्नाचं उत्तर तुझ्या पेन्सिलीखाली आहे. लक्षणीय बदलाचं उदाहरण द्यायचं तर सिकलसेल ॲनिमियाचं दे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत GAG च्या जागी GUG येतो, ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं आणि लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार बऱ्याच कुटुंबांत आहे.

आता डार्विनच्या मोकळ्या रकान्यात पेन्सिलने लिही: ‘उत्परिवर्तन, हे पुढे कळलं.’ शाईने नको. परीक्षेत तो डार्विनचा मुद्दा म्हणून लिहिलास तर चूक धरली जाईल.

तक्त्याचा आकारही प्रश्नावरूनच ठरतो. ‘अवशेषांगे म्हणजे काय ते सांगून मानवातली काही अवशेषांगे आणि ती इतर कोणत्या प्राण्यांना कशी उपयोगी आहेत ते लिहा’ या प्रश्नात ‘डावीकडे मानव, उजवीकडे प्राणी’ असा तक्ता केलास तर ‘कशी’ हा भाग गळतो. इथे तीन रकाने लागतात: अवयव, माणसातली अवस्था, ज्या प्राण्यात चालतो तो प्राणी आणि काम. उदाहरणार्थ, कानाचे स्नायू. माणसात असतात पण बहुतेकांना कान हलवता येत नाहीत. गाय आवाजाच्या दिशेने कान वळवते. अशा तीन आडव्या ओळी पुरेत.

काही प्रश्नांना मात्र तक्ता लावू नकोस, ते कितीही वेळा आलेले असले तरी. भौगोलिक विलगीकरणातून नवी जात कशी तयार होते, हा प्रश्न कारणांच्या साखळीचा आहे. एका जातीच्या दोन गटांमध्ये डोंगर, नदी किंवा समुद्र येतो, त्यांच्यात प्रजनन थांबतं, दोन्ही गटांत वेगवेगळी उत्परिवर्तनं साठतात, निवडही वेगवेगळी होते, आणि शेवटी ते पुन्हा एकत्र आले तरी त्यांची संतती होत नाही किंवा झाली तर जननक्षम नसते. ही साखळी दोन रकान्यांत तोडली की ‘त्यामुळे’ हा शब्दच गायब होतो, आणि गुण त्यालाच असतात. तिथे बाणांनी जोडलेली पाच वाक्यं लिहून ठेव. मानवाच्या उत्क्रांतीचंही तेच. तिला कालरेषा हवी. ती काढताना एकाच्या पोटी दुसरा अशी सरळ शिडी काढू नकोस. निअँडरथल आणि आपल्या जातीची माणसं बराच काळ एकाच वेळी पृथ्वीवर होती.

एक राहिलं. विज्ञान भाग 2 ची प्रश्नपत्रिका 40 गुणांची. त्यात 5 गुणांचा प्रश्न एकच सोडवायचा असतो आणि त्यात बऱ्याचदा आकृती किंवा माहिती देऊन उपप्रश्न विचारलेले असतात. म्हणजे तू ‘मोठे’ म्हणून जमवलेल्यांपैकी बहुतेक प्रश्न तुला 3 गुणांनाच भेटतील. तेव्हा उभ्या वाचनाची तालीम 3 गुणांच्या मापाने कर. घड्याळ लाव, तक्ता झाकून ठेव, सात-आठ वाक्यं लिही, आणि मग तक्ता उघडून कुठल्या ओळीचं वाक्य सुटलं ते बघ. दोनदा एकच ओळ सुटली, तर पाठांतर वाढवू नकोस. त्या ओळीतला प्रश्न तुझ्या शब्दांत पुन्हा लिहून बघ. बहुधा तो अजून तुझा झालेला नसतो.